स्वयंपाकघरातल्या गळक्या नळाबद्दल

नमस्कार काका,

मी दादरच्या फ्लॅटमधून स्वाती. काकूंच्या गुडघ्याला आता आराम असेल अशी आशा आहे.

एका कामासाठी तुम्हाला त्रास देते आहे. स्वयंपाकघरातला सिंकवरचा नळ गेल्या आठवड्यापासून गळतो आहे. आधी थेंब थेंब पडत होता, तेव्हा घट्ट बंद केला की थांबायचा. आता कितीही पिळला तरी बारीक धार चालूच राहते. रात्री खाली बादली ठेवते, ती सकाळपर्यंत भरते. ते पाणी भांडी आणि लादीला वापरते, पण दुपारी घरात कुणी नसतं, तेव्हाचं सगळं वाया जातं. सोसायटीत पाणी वेळेवर येतं आणि वेळेवर जातं, त्यामुळे ते असं वाहून गेलेलं पाहवत नाही.

शेजारी आलेल्या प्लंबरला काल नळ दाखवला. त्याच्या मते आतला स्पिंडल झिजला आहे, नुसता वायसर बदलून चार दिवसही टिकणार नाही, नळच नवा बसवावा. नळ आणि मजुरी धरून ८०० ते १,००० रुपये सांगितले.

मला जास्त काळजी भिंतीची वाटते. नळ जिथे भिंतीत शिरतो तिथल्या टाइलभोवती ओल दिसते आहे. ती नळाच्या गळतीची आहे की आतल्या सांध्याची, हे नळ काढल्यावरच कळेल असं तो म्हणाला. सांधा असेल तर खालच्या मजल्यावरच्या आजींच्या छताला ओल जायला वेळ लागणार नाही. फोटो आणि छोटा व्हिडिओ सोबत पाठवते आहे.

तुमची हरकत नसेल तर शनिवारी सकाळी ११ नंतर त्याला बोलावू का? तुमचा नेहमीचा प्लंबर असेल तर तोच पाठवा, मला काहीच अडचण नाही, मी दिवसभर घरी आहे. आपल्या घरातला स्टॉप कॉक जाम झाला आहे, त्यामुळे गच्चीवरचा व्हॉल्व्ह थोडा वेळ बंद करावा लागेल. वॉचमनकाकांशी मी बोलून ठेवलं आहे, पण सेक्रेटरींना तुमचा एक फोन गेला तर बरं होईल.

टाइल फोडायची वेळ आली तर तुम्हाला विचारल्याशिवाय हात लावू देणार नाही. खर्च सध्या मी देते आणि बिल तुम्हाला पाठवते. पुढच्या महिन्याच्या भाड्यातून तो वळता केला तर चालेल का, तेवढं कृपया कळवा.

शुक्रवार संध्याकाळपर्यंत निरोप मिळाला तर प्लंबरला वेळ सांगता येईल. फोनवर बोलणं सोयीचं असेल तर रात्री ८ नंतर कधीही करा.

आपली,
स्वाती
बी विंग, ३०४