बोरमाळ अजून सोनाराकडंच?

पुणे,
२८ मे २०२५

ती. आईस,
शि. सा. नमस्कार.

कागदावर तुझा वाढदिवस १ जूनला. तारीख मास्तरांनी घातलेली, खरी रताळी काढायच्या दिवसांतली, हे तू दरवर्षी ऐकवतेस. लहानपणी त्या दिवशी गावातली माणसं हिंडलग्याला हुतात्म्यांना अभिवादन करायला जायची, आणि मला वाटायचं ती तुझ्याच वाढदिवसाला निघालीत. हसू नकोस.

फोनवर हे बोलायला गेलं की तू "जेवलास काय?" म्हणून विषय बदलतेस. म्हणून लिहितोय.

बाबा गोव्याला कामाला, आणि तू, मी, ताई उचगावच्या शेतात. तू कुदळ मारायचीस, आम्ही माती झाडून रताळी वेचायचो. मग मार्कंडेयच्या गार पाण्यात ती धुवायची. तुझ्या बोटांच्या भेगांत लाल माती बसायची, ती शिवरात्रीपर्यंत निघायची नाही. अखंड रताळी पोत्यात, बाजाराला. कुदळ लागून तुटलेली घरात. रताळं असं तिरकं कापलेलंच असतं, असं मी कितीतरी वर्षं समजत होतो. इथं मंडईत पहिल्यांदा अख्खं विकत घेतलं तेव्हा खिशातून पैसे काढताना उगाच चोरी केल्यासारखं झालं.

तिसरीतलं माझं कानडी पुस्तक आठवतं? मी झोपल्यावर तू ते चुलीपुढं घेऊन बसायचीस. बसची पाटी वाचता येईना, एकदा भलत्याच गाडीत पोतं चढवलंस, त्याचा राग. रेशनच्या कचेरीत एकानं अर्ज परत फेकला होता, त्याचाही. महिन्याभरात तू पाट्या वाचायला लागलीस, आणि माझ्या शुद्धलेखनातल्या चुकाही काढायला लागलीस. ते जरा जास्तच झालं होतं!

आता मुख्य गोष्ट. २००६ साली माझी डिप्लोमाची फी भरली आणि त्याच आठवड्यात तुझ्या गळ्यातली बोरमाळ दिसेनाशी झाली. "तार तुटली, शहापुरात सोनाराकडं दिलीय," म्हणालीस. मीही विश्वास ठेवला. सोळा वर्षांचा घोडा, पण अक्कल नाही. ताईच्या लग्नात काकूंनी विचारलं, तरी माळ सोनाराकडंच. बाबा गेले तेव्हाही सोनाराकडंच. मला कळलं होतं गं, पण विचारायचं धाडस झालं नाही. विचारलं असतं तर तू आणखी एक खोटं बोलली असतीस, आणि तेही मला खरं मानावं लागलं असतं.

दाजींच्या हातून डबी पाठवतोय. उघडल्यावर मला रागावायला फोन करशीलच, तो मी उचलणार नाही. शेजारच्या बायकांनी विचारलं तर सांग, सोनारानं एकोणीस वर्षं लावली, पण तार चांगली घातली.

तुझा,
बाळू

ता. क. दिवाळीनंतर रजा काढलीय. रताळी काढायला मी येईपर्यंत थांब, एकटी शेतात जाऊ नकोस.