पाचवीच्या नव्या विद्यार्थ्यांसाठी मुख्याध्यापिकांचा स्वागत संदेश

नमस्कार. वाई परिसरातल्या जिल्हा परिषद शाळांतून चौथी पूर्ण करून आमच्या विद्यालयात पाचवीला येणाऱ्या बाळांनो, तुमचे आणि तुमच्या पालकांचे मनापासून स्वागत. येथे बहुतेक विषयांना वेगळे शिक्षक असतील, आणि सुरुवातीला कदाचित वर्गखोलीही सापडणार नाही. तेव्हा निःसंकोच विचारा, दहावीचे ताई-दादा पहिला आठवडाभर त्यासाठीच जिन्यापाशी थांबणार आहेत. पाठ्यपुस्तके शाळेतच मोफत मिळतील, म्हणून पालकांनी ती विकत घेऊ नयेत. मुलींच्या मोफत एसटी पासासाठी लागणारा दाखला कार्यालयात मिळेल. पावसाळ्यात एसटी उशिरा येणारच. त्याबद्दल तुम्हांला कोणीही रागावणार नाही. सोमवारी, १५ जूनला, सकाळी साडेदहा वाजता तुम्हांला भेटायला मी फाटकापाशी उभी असेन.