विषय: सोमवारी रुजू होणाऱ्या स्नेहासाठी लॅपटॉप आणि अ‍ॅक्सेस

आयटी टीम, नमस्कार.

येत्या सोमवारी सकाळी 9.30 वाजता स्नेहा आमच्या अकाउंट्स टीममध्ये रुजू होतेय. तिच्यासाठी लॅपटॉप, हेडसेट आणि 24 इंची मॉनिटर लागेल. मागच्या वेळी लॅपटॉप वेळेवर आला, पण चार्जर दोन दिवसांनी; यंदा तेवढं बघा.

ईमेल, व्हीपीएन आणि टीमच्या शेअर्ड फोल्डरचा अ‍ॅक्सेस पहिल्या दिवसापासून हवा. ईआरपीमध्ये सध्या फक्त बिलं बघण्याची आणि एंट्री करण्याची परवानगी द्या. पेमेंट अप्रूव्हलची नको, ती प्रोबेशननंतर मी वेगळी मागेन. माझं लॉगिन जसंच्या तसं कॉपी करू नका.

मॅनेजरची मंजुरी सोबत जोडली आहे. शुक्रवारी दुपारी लॅपटॉप न्यायला मीच येते.

मेघना
अकाउंट्स