गोवा विमा तुलना : पावसाळ्याआधी चढवायची पानशीर्षकं

वेब टीमसाठी. ठळक ओळ म्हणजे सर्चमध्ये दिसणारं शीर्षक, खालची ओळ वर्णन. ‘क्लेम हमखास पास’, ‘लगेच मंजूर’ असलं काही बॅनरवरसुद्धा नको. मंजुरी कंपनी देते, आपण नुसते आकडे शेजारी मांडतो.

कार इन्शुरन्स गोवा: प्रीमियम, आयडीव्ही आणि क्लेमची तुलना
नुसती थर्ड पार्टी आणि कॉम्प्रिहेन्सिव्ह यांत फरक किती, आयडीव्ही उतरवून प्रीमियम स्वस्त कसा दाखवतात, नो क्लेम बोनस २० ते ५० टक्के कसा चढतो. सगळ्या कंपन्यांचे दर एकाच गाडीसाठी.

गाडीवर नारळ पडला: कार इन्शुरन्समध्ये क्लेम होतो का?
नुसत्या थर्ड पार्टीत नाही. कॉम्प्रिहेन्सिव्हमध्ये असं नुकसान सहसा बसतं, पण डिडक्टिबल कापलं जातं आणि नो क्लेम बोनसला धक्का बसतो. छोट्या डेंटसाठी क्लेम टाकावा की खिशातून भरावं, याचा हिशेब.

(शीर्षक पाहून हसू नका. माडाखाली गाडी लावणाऱ्यांचा हा खरा प्रश्न आहे, आणि मुंबई-पुण्याच्या साइट्सवर त्याचं उत्तर मिळत नाही.)

पाण्यात इंजिन बंद पडलं: इंजिन प्रोटेक्ट कव्हर आणि प्रीमियम
पाणी शिरलेल्या गाडीला पुन्हा स्टार्टर मारला आणि इंजिन गेलं, तर साध्या कॉम्प्रिहेन्सिव्हमध्ये तो खर्च नाकारला जाऊ शकतो. अ‍ॅड-ऑन काय देतं, काय देत नाही, आणि टो करण्याआधी कोणते फोटो काढावेत.

स्कूटर इन्शुरन्स: थर्ड पार्टी ५ वर्षांची, पण ओन डॅमेज?
नवीन दुचाकीला थर्ड पार्टी ५ वर्षांची मिळते. ओन डॅमेज बहुधा वर्षाचंच असतं आणि ते संपलेलं कुणाच्या लक्षात येत नाही. रिन्यूअलचा प्रीमियम आणि चोरी झाल्यास लागणारी कागदपत्रं.

घरची स्कूटर भाड्याने दिली: अपघात झाला तर क्लेमचं काय?
पांढऱ्या प्लेटची गाडी पर्यटकाला पैसे घेऊन दिली, तर वापराची अट मोडली म्हणून क्लेम अडू शकतो. काळ्या प्लेटवर पिवळे आकडे असलेल्या रेंटल गाडीची पॉलिसी वेगळी, प्रीमियमही वेगळा.

हे पान कळंगुट, हणजूण, मोरजी बाजूला जास्त वाचलं जाईल. भाषा दटावणारी नको; लोक शेजाऱ्याच्या पाहुण्यालाही गाडी देतात.

हेल्थ इन्शुरन्स गोवा: प्रीमियम, कॅशलेस हॉस्पिटल, वेटिंग पिरियड
आधीपासूनच्या आजारांसाठी वेटिंग जास्तीत जास्त ३ वर्षं. वैयक्तिक पॉलिसीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी नाही. कोष्टकातले प्रीमियम त्याप्रमाणे.

दीनदयाळ कार्ड आहे, मग हेल्थ इन्शुरन्स हवा का?
दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत तीन जणांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला २.५ लाख, चार किंवा जास्त जणांना ४ लाखांचं कव्हर. योजनेच्या यादीबाहेर काय राहतं आणि टॉप-अपचा प्रीमियम किती.

(इथे योजनेला कमी लेखणारं एकही वाक्य नको. अनेक घरांचा आधार तोच आहे.)

आईबाबांचा हेल्थ इन्शुरन्स: को-पे, रूम रेंट, प्रीमियम
स्वस्त पॉलिसीत बिलाचा किती वाटा आपल्याला भरावा लागतो, उदाहरणासह. शुगर-बीपी फॉर्मवर लपवलं तर क्लेमच्या वेळी काय होऊ शकतं.

कॅशलेस क्लेम प्रोसेस: टीपीए, कागदपत्रं, वेळ
पूर्वपरवानगीचा निर्णय १ तासात आणि डिस्चार्जच्या वेळचा ३ तासांत द्यावा, असा आयआरडीएआयचा नियम. निर्णय म्हणजे मंजुरी नव्हे. नकार आला तर बिल भरून रीइम्बर्समेंट कसं मागायचं.

वर्णनातलं ‘निर्णय म्हणजे मंजुरी नव्हे’ जागा कमी पडली तरी कापायचं नाही. ‘१ तासात क्लेम’ एवढंच उरलं तर वाचणारा भलतंच समजून हॉस्पिटलच्या काउंटरवर भांडायला उभा राहील.

घराचा इन्शुरन्स गोवा: पूर, वादळ, छप्पर आणि प्रीमियम
भारत गृह रक्षा पॉलिसीत घर आणि सामान यांचं कव्हर. वर्षानुवर्षांची गळती आणि अचानक आलेला पूर यांत सर्व्हेअर काय फरक करतो. डिचोली-सत्तरीच्या वाचकांसाठी पुराच्या क्लेमची कागदपत्रं वेगळी दिली आहेत.

क्लेम नाकारला? गोव्यातून विमा लोकपालाकडे तक्रार
आधी कंपनीकडे लेखी तक्रार. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर लोकपाल. फी नाही, ५० लाखांपर्यंतची भरपाई मागता येते. निकाल बाजूने लागेलच असं नाही, म्हणून पत्रव्यवहार जपून ठेवा.

प्रत्येक तुलनेखाली दर कोणत्या तारखेचे ते छापायचं. लोकपालाच्या पानावर मात्र कुठल्याही कंपनीचं ‘पॉलिसी घ्या’ बटण टाकू नका.