पहिली दुर्बीण घेण्याआधी: लाइव्ह प्रश्नोत्तरांची संहिता

७:५० ला पिन करायचं
८ वाजता सुरू करतोय. प्रश्न आत्तापासून टाका, पण एकाच ओळीत: भिंग किती मिलिमीटर, स्टँड कसा, कुठून बघणार, काय बघायचंय. उदा. "७० मिमी, तिपाई, बाल्कनी, चंद्र आणि शनी". नुसतं "कोणती घेऊ?" विचारलंत तर मलाच उलट चार प्रश्न विचारावे लागतील.

सुरुवात
नमस्कार मंडळी. आवाज येतोय का? येत असेल तर चॅटमध्ये नुसता १ टाका.

(थांबायचं. मागच्या वेळी माइक बंद ठेवून मी चार मिनिटं शनीवर बोललो होतो. १ दिसल्याशिवाय पुढे जायचं नाही.)

हां, आले. माझं बोलणं तुमच्यापर्यंत काही सेकंद उशिरा पोहोचतं, त्यामुळे प्रश्न टाकल्या टाकल्या उत्तर आलं नाही तर तोच पुन्हा टाकू नका. चॅट सांभाळणारी मैत्रीण तो उचलून ठेवते.

आता हा खोका बघा. (कॅमेऱ्याजवळ धरायचा, आकडा दिसला पाहिजे.) वर छापलंय ५२५ पट. आतल्या दुर्बिणीचं भिंग आहे ७० मिलिमीटरचं. ढोबळ हिशेब असा, की व्यासाची दुप्पट करायची. त्यापुढे चित्र मोठं होतं, स्पष्ट होत नाही. म्हणजे १४० पट, तेही हवा शांत असेल तर. उरलेले ३८५ पट खोक्यावरच राहतात.

आणि भिंग चांगलं असून स्टँड डगमगला तर गुरू डोळ्यासमोर नुसता नाचतो. त्यामुळे आज मी पटींपेक्षा पायांबद्दल जास्त बोलणार आहे. चला, पहिला प्रश्न.

८:१५ ला पिन, शेवटपर्यंत ठेवायचं
दुर्बिणीतून सूर्याकडे बघू नका, क्षणभरही नाही. नेत्रिकेला लावायचा छोटा काळा सूर्यफिल्टर सोबत आला असेल तर टाकून द्या, तो उष्णतेने तडकतो. सूर्यासाठीचा फिल्टर दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावरच बसतो.

(याखालच्या सूचना पिन करायच्या नाहीत, साध्या मेसेजने टाकायच्या.)

चॅट थंडावलं तर
तुमच्या दुर्बिणीतून सगळ्यात आधी काय दिसलं? मला समोरच्या इमारतीवरचा अँटेना दिसला, तोही उलटा.

"पौर्णिमेला चंद्र बघू का?" हे येणारच
पौर्णिमेला नको, अष्टमीच्या आसपास बघा. उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या सावल्या लांब पडतात, खोली तिथेच कळते. पौर्णिमेचा चंद्र दुर्बिणीत सपाट दिसतो.

८:५० ला
आता शेवटचे ३ प्रश्न. राहिलेले मैत्रिणीने लिहून घेतलेत, पुढच्या वेळी त्यांच्यापासूनच सुरू करू. गच्चीवर जाणार असाल तर मोबाइल खाली ठेवून जा, डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला २० ते ३० मिनिटं लागतात.