विषय: अर्ज उघडण्याआधी गुणांचे निकष ठरवून देण्याबाबत

सर्व विभागांच्या व्यवस्थापकांना,

सप्रेम नमस्कार.

भिवंडी गोदामासाठी डिस्पॅच सुपरवायझर आणि अंधेरी कार्यालयासाठी अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह, अशा दोन जागांची जाहिरात गेल्या आठवड्यात गेली. अर्ज येऊ लागलेत आणि 'रिझ्युमे कधी पाठवताय?' असे फोनही. ते मी अजून पाठवलेले नाहीत, मुद्दामच. यापुढे निकषांचा तक्ता भरून माझ्याकडे आला की मगच त्या जागेचा फोल्डर तुम्हाला उघडता येईल.

ही एचआरची आणखी एक कागदी कटकट आहे असं काहींना वाटेल, म्हणून कारण सविस्तर लिहिते.

स्थळ मनात भरलं की पत्रिकेतले गुण जुळवून घेतले जातात. आपल्या निवडीतही तेच घडतं. डिस्पॅचच्या जागेसाठी दोन अर्ज आलेत असं समजा. एकीकडे लॉजिस्टिक्समधलं एमबीए पण अनुभव दोन वर्षांचा. दुसरीकडे साधा पदवीधर पण ट्रान्सपोर्टमध्ये नऊ वर्षं काढलेली. पहिला आवडला तर आपण म्हणतो, 'आता सिस्टिमचं काम आहे, शिक्षण हवंच.' दुसरा आवडला तर, 'डिग्रीला काय चाटायचंय? ड्रायव्हर-हमाल सांभाळता आले पाहिजेत.' दोन्ही वाक्यं समंजस वाटतात, दोन्ही मी आपल्याच बैठकांत ऐकली आहेत. यांतला कोणता निकष खरा, हे उमेदवाराचं तोंड पाहून ठरत असेल तर तो निकषच नव्हे.

उलमान आणि कोहेन या संशोधकांनी २००५ साली नेमकं हेच तपासून दाखवलं. पोलीस प्रमुखाच्या पदासाठी एक पुरुष आणि एक स्त्री, असे दोन काल्पनिक उमेदवार. एकाकडे रस्त्यावरचा अनुभव, दुसऱ्याकडे औपचारिक शिक्षण. कोणाकडे काय, हे आलटून पालटून दिलेलं. पुरुषाकडे जे असेल तेच या पदाला महत्त्वाचं, असं लोक ठरवत गेले. आणि गंमत म्हणजे आपण निःपक्षपाती आहोत याबद्दल त्यांची खात्री पक्की होती. निकष आधीच ठरवून घ्यायला लावले तेव्हा मात्र हा भेदभाव उरला नाही. नियम करण्यामागे माझा मुख्य आधार हाच आहे. 'मी कुणाचं आडनाव बघत नाही' असं तुम्ही मनापासून म्हणत असाल. पण नुसत्या मनापासून म्हणण्याने काम भागत नाही. आपल्याकडे थोरात आणि ॲटवेल यांनी खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना समान पात्रतेचे, फक्त नावं वेगळी असलेले अर्ज पाठवले होते. दलित आणि मुस्लिम नावांच्या अर्जांना कमी प्रतिसाद आला.

मुंबईत आडनावाच्या जोडीला पत्ताही आहे. 'कर्जतहून येणार, टिकणार नाही', 'बाळंतपणानंतर दोन वर्षं घरी होती', 'आपल्याच कॉलेजचा आहे'. वेळेवर येणं कामाला आवश्यक असेल तर शिफ्टची वेळ निकषात लिहा आणि सगळ्यांना सारखीच विचारा. कर्जतवाल्यालाच तेवढी विचारू नका.

तक्त्यात चार ते सहा निकष पुरेत, वजन मिळून १००. प्रत्येक निकषाला शून्य ते पाच गुण, आणि शून्य, तीन, पाच म्हणजे काय ते शब्दांत लिहा. 'संवादकौशल्य चांगलं' असलं काही चालणार नाही. 'स्टॉकची तफावत: कधी हाताळली नाही, शून्य, दुसऱ्याच्या देखरेखीखाली हाताळली, तीन, स्वतः शोधून मिटवली, पाच' असं हवं. 'आपल्या टीममध्ये बसेल का' हा निकष कृपया घालू नका. त्यात वाटेल ते मावतं. दोघांनी स्वतंत्र गुण द्यायचे, बोलायचं नंतर.

एखाद्या व्यवस्थापकाने विचारलं, 'मॅडम, चौकटीबाहेरचा हिरा हातचा गेला तर?' रास्त शंका आहे. अर्ज वाचताना निकषच चुकलाय असं दिसलं, तर बदला. मात्र कारण लिहून द्या आणि त्या जागेचे सगळे अर्ज नव्या निकषाने पुन्हा तपासा, आधी बाद केलेलेसुद्धा. एका अर्जासाठी निकष बदलणार नाही.

अर्ध्या-पाऊण तासाचं काम आहे. दोन्ही जागांचे तक्ते शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत पाठवा. अडलं तर गुरुवारी दुपारी मी भिवंडीला आहे, समोर बसून भरू.

आपली,
प्रमुख, मनुष्यबळ विभाग
अंधेरी कार्यालय, मुंबई

ता.क. ओळखीतून थेट तुमच्या व्हॉट्सॲपवर आलेले रिझ्युमे न उघडता माझ्याकडे पाठवा. तेही त्याच फोल्डरमध्ये जातील.