पिंपळगावची आई: अकरावी-बारावी विज्ञान प्रवेशासाठी श्रोतावर्गाचे व्यक्तिचित्र

हे टिपण आपल्या क्लासच्या नाशिकमधील गंगापूर रोड शाखेतील समुपदेशक, वर्गशिक्षक आणि जाहिरातीचा मजकूर लिहिणारे सहकारी यांच्यासाठी आहे. दहावीच्या निकालापासून जुलैअखेरपर्यंत पालकांनी आपल्याला लिहून विचारलेले प्रश्न मी त्यांच्याच शब्दांत उतरवून घेतले आणि एकसारखी धास्ती ज्यांत दिसली ते प्रश्न एकत्र ठेवले. त्यातून जी व्यक्ती उभी राहिली तिला आपण सोयीसाठी ‘पिंपळगावची आई’ म्हणू. ती कोणी एक बाई नाही. ओझर, दिंडोरी, निफाड आणि सिन्नरकडून लिहिणाऱ्या पालकांचे बोलणेही तिच्या तोंडी आहे.

तिचे वय चाळिशीच्या आसपास आहे. घरी द्राक्षबाग आणि थोडा कांदा आहे, शिवाय ती स्वतः शिवणकाम करते. मुलगी मराठी माध्यमात सेमी-इंग्रजीतून दहावी झाली आहे. मुलीचे गुण सांगताना आई ‘मिळाले’ म्हणत नाही, ‘86 टक्के पडले’ असे लिहिते आणि लगेच विचारते, ‘एवढ्यावर घेतील का?’ या ‘घेतील का’कडे आपले लक्ष जायला हवे. शहरातील पालक ‘बॅच कधी सुरू होते’ असे विचारतात, कारण प्रवेश मिळणार हे त्यांनी गृहीत धरलेले असते. हिच्या लेखी मात्र प्रवेश ही आपण केलेली मेहेरबानी आहे. तिला ‘जागा मर्यादित, त्वरा करा’ असे उत्तर दिले तर ती त्वरा करत नाही, गप्प बसते. गेल्या हंगामात असे संवाद त्याच ओळीवर थांबलेले मला वारंवार दिसले.

तिचा पहिला प्रश्न बहुधा ‘फी किती?’ एवढाच असतो, आणि तेवढ्यावरून आपण तिला ‘घासाघीस करणारी’ या रकान्यात टाकतो. पुढचे प्रश्न सलग वाचले की तो शिक्का टिकत नाही. ‘हप्ते कधी कधी भरायचे?’, ‘दिवाळीपर्यंत थांबाल का?’, ‘कांदा चाळीत आहे, भाव आला की भरतो.’ द्राक्षाचा पैसा साधारण जानेवारी ते एप्रिल या काळात येतो. त्यातून औषधे आणि मजुरी वजा जाते आणि सोसायटीचे कर्ज मार्चअखेर फेडावे लागते. उन्हाळ कांदा चाळीत साठवून पावसाळाभर थोडा थोडा विकला जातो. आपण मात्र मोठा हप्ता जूनमध्ये मागतो, म्हणजे घरात रोख सर्वांत कमी असते तेव्हा. ती सूट मागत नाही, तारीख मागते आहे. एकरकमी भरल्यास सवलत देणारी आपली योजना नोकरदार वडिलांसाठी ठीक आहे, पण हिच्यापुढे ती पहिल्याच वाक्यात मांडणे म्हणजे तिला दारातूनच परत पाठवणे होय.

पैशांबाबत दुसरी भीती ती आडून विचारते: ‘समजा नाही जमलं तर?’ या प्रश्नाला ‘नाही कसं जमणार!’ असे उत्साहाचे उत्तर देऊ नये. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या जानेवारी 2024 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पूर्ण फी भरलेल्या विद्यार्थ्याने मध्येच क्लास सोडला तर उरलेल्या काळाची फी 10 दिवसांत परत करायची आहे. हेच वाक्य सोप्या मराठीत, परताव्याच्या आपल्या पद्धतीसह, फीच्या कागदावर वरच्या बाजूला छापावे. याच सूचनांत निकालाची किंवा गुणांची हमी देण्यासही मनाई आहे, तेव्हा ‘हमखास’ हा शब्द आपल्या मजकुरातून कायमचा काढावा. तसाही त्या शब्दावर तिचा विश्वास नाही. कॉलेज रोडवरचे फलक पाहून ती विचारते, ‘यात आमच्या पिंपळगावचं कोणी आहे का?’

तिचा तिसरा विषय भाषेचा आहे, आणि माझ्या मते सर्वांत मोठा. ‘सर मराठीत समजावतात का?’ हा प्रश्न शब्द बदलून पुन्हा पुन्हा येतो. मुलीने विज्ञान आणि गणित इंग्रजीतून वाचले आहे, पण वर्गात ते मराठीतून ऐकले आहे, त्यामुळे इंग्रजी पुस्तकापेक्षा इंग्रजी व्याख्यान तिला अवघड जाते. ‘आमचं शिक्षण बायलिंग्वल आहे’ या उत्तराने आईला काहीच कळत नाही. ‘संज्ञा इंग्रजीतच वापरतो, समजावून मराठीत सांगतो आणि पहिले काही आठवडे प्रत्येक नव्या संज्ञेचा मराठी अर्थ फळ्यावर लिहितो’ असे सांगावे, आणि वर्गात ते खरोखर करावे. तसे होणार नसेल तर हे वाक्य कोणी वापरू नये.

परीक्षेची भाषा आणि गुण यांविषयीही तिच्या मनात गोंधळ आहे. ‘93 पर्सेंटाइल म्हणजे 93 टक्केच ना?’ असे एकीने विचारले, आणि आपल्याकडून उत्तर गेले ते हसण्याच्या चिन्हाचे. याची मला अजून लाज वाटते. 93 पर्सेंटाइल म्हणजे परीक्षा देणाऱ्यांपैकी सुमारे 93 टक्के मुलांचे गुण तिच्याइतके किंवा तिच्याहून कमी आहेत, एवढे एका वाक्यात सांगता येते. एमएचटी-सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, जेईई मेनमध्ये बहुपर्यायी प्रश्नाच्या चुकीच्या उत्तराला 1 गुण कापतात, हाही फरक तिला सांगावा, कारण ‘दोन्हींची तयारी एकत्र होते का’ या तिच्या प्रश्नाचे खरे उत्तर तिथून सुरू होते.

प्रवासाचा प्रश्न ती एकदाच विचारते, पण निर्णय त्यावरच होतो. पिंपळगाव ते नाशिक हे अंतर सुमारे 30 किलोमीटर आहे. ‘क्लास सुटतो किती वाजता?’ याचा अर्थ ‘अंधार पडायच्या आत मुलगी एसटीत बसेल का?’ असा घ्यावा. संध्याकाळी सातला सुटणाऱ्या बॅचचे नाव तिच्यापुढे घेऊच नये, दुपारची बॅच सांगावी. वसतिगृहाचा विषय तिने काढला तरच बोलावे.

तिच्याशी बोलताना ‘ताई’ म्हणावे. ‘पॅरेंट’ किंवा ‘डिअर मॅडम’ नको. प्रवेशाची बोलणी बहुतेक वेळा ती करते, पण पैसे भरायला मुलीचे वडील किंवा मामा येतात आणि तेच प्रश्न नव्याने विचारतात, म्हणून तिला दिलेली उत्तरे तारखेसह नोंदवून ठेवावीत. एकीला ऑगस्टचा हप्ता तोंडी मान्य करून मामांना जूनचा सांगितल्याचा प्रकार यंदा आपल्याकडे घडला आणि तो प्रवेश गेला.

या चित्रात ‘नीट’ ही परीक्षा दुसऱ्यांदा देणारी मुले येत नाहीत. ती स्वतः लिहितात, त्यांची भाषा त्रोटक असते आणि त्यांना टेस्ट सिरीजपलीकडे फारसे काही नको असते. सिडको-सातपूरकडचे कामगार पालकही वेगळे आहेत, त्यांचा पगार महिन्याला येतो आणि अडचण पाळीच्या वेळांची असते. त्यांच्यासाठी स्वतंत्र टिपण लागेल. जे पालक वाचतात पण काहीच लिहीत नाहीत, त्यांच्याविषयी यातून अंदाज बांधू नये. हप्त्यांच्या नव्या तारखा ठरवताना हे टिपण लेखा विभागाकडेही द्यावे, आणि दिवाळीच्या सुट्टीत नव्या प्रश्नांशी ताडून त्यात दुरुस्ती करावी.